पासपोर्ट फोटोवरून पूर्णाकृती व्यक्तिचित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं माणूस जातं आणि मागे उरतो तो ओळखपत्रावरचा एक फोटो. त्यावरून डोक्यापासून पायापर्यंत उभं चित्र करून द्या, अशी मागणी घेऊन माझ्याकडे वर्षभर लोक येतात. त्यांचे आणि व्यक्तिचित्र शिकणाऱ्या मुलामुलींचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे सेंटिमीटरमध्ये आहेत, घरात बोलताना आपण वापरतो ती फूट-इंचाची मापं गरजेप्रमाणे दिली आहेत.

१. आमच्याकडे वडिलांचा फक्त पासपोर्ट फोटो आहे. त्यावरून पूर्ण उभं चित्र होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण एकट्या फोटोवरून नाही. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या त्या चौकटीत चेहरा, गळा, कॉलर आणि खांद्यांची सुरुवात एवढंच असतं. दोन्ही खांदे कडेला कापलेले असतात. उरलेलं शरीर चित्रकाराने मनाने काढलं, तर ते चांगलं दिसेल, पण तुमच्या वडिलांचं असणार नाही. चेहरा हुबेहूब आणि अंग परक्याचं असं चित्र घरी गेलं की आई पहिल्याच नजरेत म्हणते, "हे ते नाहीत." चूक नेमकी कुठे आहे ते तिला सांगता येत नाही, पण तिचं बरोबर असतं.

म्हणून अंगाची माहिती चेहऱ्याच्या बाहेरून आणावी लागते: कपडे, चपला, ओळखणारी माणसं, चेहरा न दिसणारे जुने फोटो. हे सगळं कसं गोळा करायचं ते प्रश्न ४ ते ६ मध्ये आहे. काहीच मिळालं नाही तर काय, ते प्रश्न १३ मध्ये.

२. चेहऱ्याच्या लांबी-रुंदीवरून उंचीचा अंदाज येत नाही का?

नाही. कारण समजून घेतलं की हा मोह कायमचा सुटतो. हनुवटीपासून टाळूपर्यंत मोठ्या माणसाचं डोकं साधारण २१ ते २४ सेंटिमीटर भरतं. म्हणजे फरक जेमतेम तीन सेंटिमीटरचा. उंचीतला फरक मात्र सहज तीस सेंटिमीटरचा असतो. पाच फुटांच्या माणसाचं डोकं पावणेसहा फुटांच्या माणसाच्या डोक्याएवढंच असू शकतं. लांबट चेहऱ्याचे लोक उंच वाटतात आणि गोल चेहऱ्याचे बुटके, पण ती आपल्या मनाची सवय आहे.

शिवाय फोटोत मोजपट्टी नसते. दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर धरून फोटोला माप लावता येतं असं काही विद्यार्थी सांगतात. पण हे अंतर माणसागणिक ५५ ते ७० पर्यंत सहज बदलतं, त्यामुळे ते मापच डळमळीत. आणि डोक्याचा आकार अचूक मिळाला, तरी त्याखाली पाय किती लांब होते हे त्यातून कळत नाही ते नाहीच.

३. गोल, भरलेला चेहरा आहे. म्हणजे अंगही भरलेलं असणार ना?

असेलही, नसेलही. गालांवरून पोटाकडे उडी मारणं ही या कामातली सर्वात सामान्य चूक आहे, आणि आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत ती जास्तच महागात पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक हातापायांच्या, सडसडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी बरीच जास्त असू शकते, हे त्यातून डोळ्यांसमोर आलं. चित्रकाराने त्यातून एवढंच घ्यावं की खप्पड गालांखाली सुटलेलं पोट असू शकतं आणि काड्यांसारख्या हातांच्या माणसाची कंबर छत्तीसची असू शकते.

उलट बाजूनेही फसगत होते. दाढा काढलेल्या असल्या की गाल आत जातात, पण अंग तसंच असतं. दीर्घ आजारात स्टेरॉइड चालू असतील तर चेहरा सुजून चंद्रासारखा गोल होतो आणि हातपाय मात्र वाळलेले. फोटो कोणत्या वर्षीचा आणि तेव्हा तब्येत कशी होती, हे मी सर्वात आधी विचारतो ते यासाठीच.

गालांपेक्षा गळा जास्त खरं बोलतो. मान जबड्याच्या रुंदीएवढी आहे की आत जाते, कॉलरचं बटण लावूनही कापड सैल राहिलंय का, कॉलरबोनची खाच दिसते का, मानेवरून खांद्याकडे जाणारा उतार किती तीव्र आहे, हे भिंगाखाली नीट पाहा. हा उतार म्हणजे फोटोतला सर्वात मोलाचा धागा. उतरत्या खांद्यांच्या माणसाला चौकोनी खांदे दिले की बाकी काहीही करा, तो माणूस दुसराच होतो.

४. मग उंची नेमकी कशी काढता?

तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी काढायची आणि त्या कुठे जुळतात ते पाहायचं. एकाच पुराव्यावर कधीच थांबायचं नाही.

पहिली वाट म्हणजे शेजारी उभं राहिलेलं माणूस. "ते उंच होते का?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. "तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या राहिलात की तुमचं डोकं त्यांच्या कुठे लागायचं?" हे विचारायचं, आणि तोंडी उत्तर न घेता त्यांना भिंतीला टेकून उभं करायचं, डोक्याच्या उंचीला पेन्सिलची खूण करायची आणि ती खूण गेलेल्या माणसाच्या शरीराच्या कोणत्या जागी यायची ते हातानं दाखवायला सांगायचं. उभ्या माणसाची हनुवटी त्याच्या उंचीच्या साधारण ८६ ते ८७ टक्क्यांवर असते, कानाची पाळी ९०-९१ टक्क्यांच्या आसपास आणि खांद्याचं टोक ८२ टक्क्यांवर. बायको चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर असेल आणि तिचं डोकं त्यांच्या कानाच्या पाळीला लागत असेल, तर ते १६२ च्या आसपास. हनुवटीला लागत असेल तर १७०. आणि "मी त्यांच्या खांद्याला लागायचे" हे वाक्य शब्दशः घेतलं तर १७९, म्हणजे जवळजवळ पाच फूट साडेदहा इंच! बोलण्याच्या ओघात बायका "खांद्याला" सहज म्हणून जातात. म्हणून भिंतीवरची खूण.

दुसरी वाट पायातली. पाऊल उंचीच्या साधारण १५ टक्के असतं. चप्पल मोजायची नाही, चपलेत उमटलेला पायाचा ठसा मोजायचा, अंगठ्याच्या टोकापासून टाचेच्या कडेपर्यंत. हा अंदाज दोन्हीकडे पाच-सहा सेंटिमीटर चुकू शकतो, पण पाच फूट आणि पावणेसहा फूट यांतला घोळ तो नक्की मिटवतो.

तिसरी, पँट. पट्ट्याच्या वरच्या कडेपासून खालपर्यंतची बाहेरची लांबी घ्यायची आणि जमिनीपासून कापड जितकं वर असे ते अंतर मिळवायचं. बेंबीच्या जरा वर पँट बांधणाऱ्या जुन्या पिढीसाठी मी ही बेरीज उंचीच्या ६२ टक्के धरतो. कंबरेच्या हाडावर बांधणारे असतील तर हे गणित लागू होत नाही. धोतर आणि पायजमा यांचाही काही उपयोग नाही, कारण धोतर नेसताना कमीजास्त करता येतं आणि पायजमा धुऊन आटतो.

कागदपत्रंही पाहा. हातानं लिहिलेल्या जुन्या भारतीय पासपोर्टवर उंचीची नोंद असे. सैन्यातल्या माणसाच्या सेवापुस्तकात उंची आणि छाती मिळते. पोलिसात असतील तर भरतीचा निकष हा निदान खालचा आकडा ठरतो. आज महाराष्ट्रात पुरुष शिपायासाठी तो १६५ सेंटिमीटर आहे, मात्र ते भरती झाले त्या वर्षीचा नियम वेगळा असू शकतो हे लक्षात ठेवा.

५. घरातला प्रत्येक जण वेगळी उंची सांगतो. कुणाचं धरायचं?

ज्यानं त्यांना स्वतः मोठं झाल्यावर पाहिलं, त्याचं. मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना वडील गेले असतील, तर त्याच्या आठवणीतले वडील नेहमी उंचच असतात, कारण त्यानं त्यांच्याकडे कायम मान वर करून पाहिलेलं असतं. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांनी खरंच तसं पाहिलेलं असतं.

नातवंडांची चूक उलट्या दिशेची. त्यांनी आजोबांना पंचाहत्तरीत पाहिलेलं असतं. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत माणूस साधारण एक सेंटिमीटर खचतो, सत्तरीनंतर वेग वाढतो, आणि त्यात पाठीला बाक आला की आणखी कमी दिसतो. त्यामुळे प्रत्येक साक्षीदाराला "तेव्हा तुमचं वय काय आणि त्यांचं काय?" हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. साक्षी वेगवेगळ्या खोलीत घ्या. एकत्र बसवलं की घरातल्या मोठ्या आवाजाचं माणूस उंची ठरवतं आणि बाकीचे माना डोलावतात.

आणखी एक: फेटा किंवा टोपी कायम असायची का, ते विचारा. फेट्यासकटची उंची लोकांच्या मनात उंची म्हणूनच बसलेली असते.

६. एखादं उदाहरण आकड्यांसकट सांगाल का?

कारखान्यात नोकरी केलेल्या एका गृहस्थांचं काम होतं. पंचेचाळिशीत गेलेले. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा कृष्णधवल फोटो एवढाच चेहरा. मुलाचं म्हणणं, "बाबा पाच फूट आठ इंच होते, नक्की." वडील गेले तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा.

आई हयात होत्या, उंची १४७. भिंतीवरच्या खुणेवरून त्यांनी बोट ठेवलं ते कानाच्या पाळीवर, म्हणजे १६२. ट्रंकेत एक टेरिकॉटची पँट निघाली, बाहेरची लांबी ३९ इंच. ती ९९ सेंटिमीटर, वर दोन सेंटिमीटर धरून १०१, त्यावरून उंची येते १६३. कोल्हापुरी चपलेतला ठसा २४.३ सेंटिमीटरचा, म्हणजे पुन्हा १६२.

तरी मुलाचं समाधान होईना. तेव्हा मी विचारलं, "ज्यात त्यांचा चेहरा दिसत नाही असे फोटो आहेत का?" हा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारतो, कारण चेहरा नसलेला फोटो कुणी आपण होऊन आणतच नाही. निरुपयोगी म्हणून तो घरीच राहतो. त्यांच्याकडे निघाला एक पाठमोरा फोटो, ते हातात सायकल धरून उभे. साध्या मोठ्या सायकलचं २८ इंची चाक टायरसकट साधारण ७१ सेंटिमीटर असतं. फोटोत चाक १८ मिलिमीटर भरलं आणि त्यांच्या टाचेपासून खांद्याच्या टोकापर्यंतचं अंतर ३४ मिलिमीटर. म्हणजे खांदा जमिनीपासून १३४ सेंटिमीटरवर, आणि खांदा ८२ टक्क्यांवर धरला तर उंची १६३. डोक्यावर टोपी होती म्हणून मी टाळूपर्यंत मोजलंच नाही. माणूस आणि चाक कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत याची मात्र आधी खात्री केली होती. सायकल अलीकडे आणि माणूस पलीकडे असता तर हे माप फसवं ठरलं असतं.

चार वाटा १६२-१६३ वर येऊन मिळाल्या. पाच फूट चार इंच. मुलानं तो पाठमोरा फोटो बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग मान्य केलं.

बांध्यासाठी पट्टा कामाला आला. चामड्याच्या पट्ट्यावर रोजच्या वापराचं भोक ओढून लांबट झालेलं असतं. बकलापासून त्या भोकापर्यंत ३३ इंच, ती कंबर. शर्टाचा छातीचा घेर ४०, त्यातली चार इंचांची सैल वजा जाता छाती ३६. शर्टाचं शोल्डर साडेसोळा. म्हणजे लहान चणीचा, छातीपोटात फारसा फरक नसलेला माणूस. फोटोतल्या खांद्यांच्या उताराशी हे अगदी जुळलं.

७. चित्रात हे माप कसं उतरवायचं? आठ डोक्यांची आकृती काढायला शिकवलं आहे.

आठ डोकी, म्हणजे डोक्याच्या लांबीच्या आठपट उंची, हे आदर्श आकृतीचं प्रमाण आहे, माणसाचं नाही. आपल्या आसपासची बहुतेक मोठी माणसं सात ते साडेसात डोक्यांच्या मापात बसतात. वरच्या उदाहरणात डोकं २२ सेंटिमीटर धरलं तर १६२ भागिले २२, म्हणजे जेमतेम ७.४. कॅनव्हासवर आकृती ४४ इंचांची ठरवली होती, तर डोकं आलं सहा इंचांचं. मुलाचे पाच फूट आठ इंच धरले असते, तर तीच आकृती जवळजवळ आठ डोक्यांची झाली असती आणि डोकं ५.६ इंचांचं. फरक अर्ध्या इंचाहूनही कमी! पण डोळा तो लगेच पकडतो, कारण वाढलेली सगळी लांबी पायात जाते.

यातून एक गोष्ट लक्षात येते. चित्रात उंची सेंटिमीटरनं दिसत नाही. ती दिसते डोक्याच्या तुलनेत आणि शेजारच्या वस्तूंच्या तुलनेत. सात फुटी दाराशेजारी पाच फूट चार इंचांचा माणूस उभा केला, की डोक्यावर वीस इंच जागा मोकळी राहायला हवी. आकृती अचूक काढून मागचं दार चुकवलं तरी माणूस चुकतो.

८. आजीचा फोटो आहे, डोक्यावर पदर. नऊवारीत बांधा कसा ओळखायचा?

पदरामुळे मान आणि खांद्यांचा उतार दोन्ही झाकलेले, त्यामुळे प्रश्न ३ मधली युक्ती इथे चालत नाही. नऊवारीवरून उंचीही कळत नाही. पन्हा सगळ्यांना सारखाच, ठेंगणी बाई तो कमरेला जास्त खोचते एवढंच.

आजीसाठी चोळी किंवा ब्लाऊज शोधा. ते अंगाला बेतून शिवलेलं असतं, त्यात सैल फार कमी. पाठीची रुंदी, छाती आणि दंडाचा घेर ही तिन्ही मापं खरी मिळतात. दंडाचा घेर विशेष महत्त्वाचा, कारण चित्रात उघडा दिसणारा भाग तोच.

दुसरी वस्तू बांगडी. सव्वादोनची की अडीचची, हे घरातल्या बायकांना तोंडपाठ असतं. सव्वादोन म्हणजे आतला व्यास ५७ मिलिमीटर, दोन-सहाची ६० आणि अडीचची साडेत्रेसष्ट. बांगडी मनगटाचं माप सांगत नाही, आवळून धरलेल्या पंजाचं सांगते, म्हणजे हाडापेराची चण सांगते. सव्वादोनची बांगडी घालणाऱ्या बाईला मी कधीही रुंद पंजे आणि थोराड खांदे देणार नाही. फक्त एक काळजी घ्या. पाटल्या लग्नातल्या असतात आणि पुढे चाळीस वर्षं निघतच नाहीत, त्यामुळे त्या सोळा-अठराव्या वर्षीचा हात सांगतात.

९. मुलाला वडिलांचे कपडे घालून उभं केलं तर सोपं होणार नाही का?

होतं, आणि मी ते करतोही. कापडाच्या चुण्या, हातांची ठेवण, प्रकाश हे सगळं त्यातून मिळतं. पण आधी मापं काढून झालेली असली पाहिजेत. नाहीतर मुलाचंच अंग चित्रात येतं. मुलगा वडिलांपेक्षा उंच असतो, जिममध्ये जातो, आणि फोटो काढताना छाती पुढे काढून उभा राहतो. वडील कदाचित एका पायावर भार देऊन, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

कपडे त्याच्या अंगावर कुठे तंग होतात ते पाहा. शर्ट खांद्यावर ओढला जात असेल, तर मुलाचा खांदा रुंद आहे आणि तेवढा कमी करायचा. बाही मनगटाच्या वर राहत असेल तर हात लांब आहेत. हे फरक फोटोवरच लिहून ठेवा. आणि उभं राहण्याची लकब मुलाला विचारू नका, आईला विचारा. बहुतेक वेळा ती सांगत नाही, उठून स्वतः तसं उभं राहून दाखवते.

१०. सगळी मापं बरोबर असूनही चेहरा वरून चिकटवल्यासारखा का दिसतो?

कारण चेहरा एका जागेवरून पाहिलेला आहे आणि अंग दुसऱ्या. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो दीड-दोन मीटरवरून, डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा ठेवून काढलेला असतो. शरीराचा संदर्भफोटो मात्र बहुतेक जण मोबाइल छातीशी धरून, जवळ उभं राहून काढतात. मग कंबरेखालचं अंग वेगळ्याच कोनातून दिसतं.

उपाय असा. मूळ फोटोत कॅमेरा कुठे होता ते कानांवरून ओळखा. चेहरा सरळ आणि कॅमेरा समोर असेल, तर कानाचं वरचं टोक भुवईच्या आणि पाळी नाकाच्या बुडाच्या रेषेत येते. कान त्याहून खाली दिसले तर चेहरा खालून पाहिलेला आहे, वर दिसले तर वरून. मग शरीराचा संदर्भफोटो त्याच पातळीवरून, पण निदान चार मीटर लांब जाऊन काढा आणि झूम करा. पातळी डोळ्यांची असेल, तर चित्रातली क्षितिजरेषाही त्या माणसाच्या डोळ्यांतूनच गेली पाहिजे. खुर्चीची बैठक, फरशीच्या रेषा, खिडकीची चौकट सगळं तिच्याशी जुळवायचं. क्षितिज कमरेवर ठेवून माणूस भव्य दिसतो खरा, पण मग हनुवटीची खालची बाजू दिसायला हवी, आणि ती तुमच्या फोटोत नाही.

११. पासपोर्ट फोटोही नाही, फक्त सेल्फी आहे. चालेल?

चेहऱ्याची ओळख पटण्यापुरती चालेल, प्रमाणासाठी नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत रुंद दिसू शकतं, कान मागे जातात, मान बारीक होते आणि खांदे लहान. या फोटोतल्या खांद्यांवरून अंग वाढवत नेलं, तर मोठ्या डोक्याचा, किरकोळ अंगाचा माणूस तयार होतो. खांदे आणि मान कपड्यांच्या मापावरूनच घ्या, सेल्फीतले सोडून द्या.

१२. फोटो सत्तरीतला आहे, पण चित्र ते नोकरीत असतानाचं हवं.

चेहरा तरुण करायचा असेल तर अंगही तेव्हाचं हवं, आणि त्यासाठी कपडे तेव्हाचे लागतात. सत्तरीतला शर्ट चाळिशीतल्या खांद्यांना लागू पडत नाही. दोन्हीपैकी एकाचाच पुरावा असेल, तर त्या वयाचं चित्र करा असा माझा आग्रह असतो. म्हातारा चेहरा आणि ताठ, तरुण अंग असं मिश्रण मी करत नाही.

याला जोडूनच विचारलं जातं: पाठीला बाक होता, एक पाय आखूड होता, फोटोत ते दिसत नाही, तर दाखवायचं का? हा निर्णय घरच्यांचा. पण मी एवढं सांगतो की बाक काढून टाकला तर फक्त पाठ सरळ होत नाही, माणूस दोन-तीन इंच उंच होतो, हात वर जातात, नजर बदलते. तो लपवायचाच असेल तर सरळ करण्यापेक्षा त्यांना खुर्चीत बसवणं जास्त प्रामाणिक.

लहान मुलाचं चित्र असेल तर वय सर्वात आधी. नवजात बाळ चार डोक्यांचं, दोन वर्षांचं मूल साधारण पाच आणि सहा वर्षांचं सहा डोक्यांच्या आसपास. इथे एका वर्षाची चूकही दिसते. शाळेच्या आरोग्यपत्रकावर उंची-वजन असतं, ते मागून घ्या.

१३. कपडे नाहीत, ओळखणारं कुणी उरलं नाही. आता काय?

मग जे माहीत नाही त्याबद्दल चित्राला बोलायला लावायचं नाही. सर्वात चांगलं म्हणजे छातीपर्यंतचं चित्र. पूर्ण आकृतीच हवी असेल तर बसलेली. माणसामाणसांतला उंचीचा बराचसा फरक पायात असतो, बसल्यावर तो निम्म्याहून कमी दिसतो. खुर्ची साधी, हात नसलेली. मागे दार, खिडकी, शेजारी दुसरं माणूस नको, म्हणजे तुलनेला काहीच राहत नाही. अंगावर सैल शाल किंवा उपरणं घेतलं की बांध्याबद्दलही ठाम विधान होत नाही. डोक्यांचं प्रमाण सव्वासात धरा, हे सरासरीच्या जवळचं आहे आणि कुठल्याही टोकाला जात नाही. मात्र मान आणि खांद्यांचा उतार फोटोतलाच ठेवा, तो एक खरा धागा तरी सोडू नका.

१४. "थोडे उंच, थोडे भरदार दाखवा" असं घरचे म्हणतात. दाखवता का?

नाही. तोलदार दिसण्यासाठी प्रकाश, उभं राहण्याची पद्धत, कपड्यांची इस्त्री यांत हवं ते करतो. मापात करत नाही.

१५. चूक रंगवण्याआधी कळावी म्हणून काय करता?

तपकिरी कागदाचे दोन पट्टे जोडून त्यावर कोळशानं खऱ्या मापाची बाह्यरेषा काढतो. चेहरा काढत नाही. डोक्याच्या जागी नुसता लंबगोल. तो कागद दाराजवळच्या भिंतीवर, पाय जमिनीला टेकतील असा लावतो आणि ज्यांनी त्यांना रोज पाहिलं त्या माणसाला बाहेरून आत बोलावतो. काही विचारत नाही. चेहरा असला की लोक चेहऱ्याकडेच पाहतात, म्हणून तो नाही.

सायकलवाल्या गृहस्थांच्या पत्नी दारातून आत आल्या, कागदासमोर थांबल्या आणि पुढे होऊन त्यांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "हा खांदा जरा खाली. पिशवी याच खांद्याला असायची." मी तो बोटभर खाली घेतला.